सासरच्या नावानं दिलेली दवंडी

माणूस हरवल्याची वर्दी द्यायला लोक नेहमी उशिरा येतात. बैल सुटला तर तासाभरात ठाण्याच्या पायरीवर हजर. घरातली बाई गेली की आधी विहिरी बघायच्या, मग पाहुण्यांकडे गुपचूप माणूस पाठवायचा, मग देवाला कौल लावायचा, आणि सगळीकडून हात हलवत परत आल्यावर आमच्याकडे यायचं. आल्यावर वर पुन्हा विचारायचं, "अजून कशी सापडली न्हाय?" मी निपाणीच्या ठाण्यात रायटर हवालदार होतो, म्हणजे लिहायचं काम माझ्याकडे. लोकांनी आठ दिवस दाबून ठेवलेलं मला एका बैठकीत लिहून काढावं लागायचं. ह्या कामानं माणूस म्हातारा होतो. मी तर तिशीतच झालो.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची. तंबाखूचा हंगाम ऐन भरात होता, गावभर वखारींचा खकाणा उडत होता आणि आमचा अर्धा दिवस शिंकण्यात जायचा. अशा एका सकाळी जवळच्या खेड्यातले पोलीस पाटील दोघांना घेऊन आले. एक म्हातारा, चांगला खातापिता शेतकरी. दुसरा त्याचा मुलगा, पंचविशीतला, मान खाली घालून उभा. सून पाण्याला म्हणून गेली ती परतली नाही. कधी, म्हणून विचारलं तर पाटलांनी म्हाताऱ्याकडे बघितलं, म्हाताऱ्यानं छताकडे. गेल्या अमावास्येच्या आधी, असं शेवटी कळलं.

"आणि आज आलात?" मी म्हटलं.

"घराची अब्रू हाय हवालदार," म्हातारा म्हणाला. "आमाला वाटलं, माहेरी गेली आसंल."

माहेरी निरोप धाडला होता का? धाडला होता. तिथं नव्हती. मग? मग अब्रू. पाटलांनाही मी चार शब्द सुनावले. गावातलं माणूस नाहीसं झालं की त्यांनी ताबडतोब ठाण्याला कळवायचं असतं, तेवढ्यासाठीच तर त्यांना पाटील म्हणतात. ते म्हणाले, "मला बी कालच कळलं." खेड्यात कुणाच्या म्हशीला काय झालं ते ह्यांना दुपारपर्यंत कळतं, पण असो.

म्हाताऱ्याला वेगळंच लिहून हवं होतं. "कुणीतरी फूस लावून पळवली आसं लिवा." फौजदार आतून बाहेर आले. ते शांत माणूस, त्यांना राग आला की ते आणखी हळू बोलत. त्यांनी विचारलं, कुणी पळवली? नाव सांगा. बघणारा कोण? जबरदस्ती झाली का? म्हातारा प्रत्येक वेळी 'ते तुमीच शोधा' म्हणाला. मग त्यांनी समजावून सांगितलं. लग्नाच्या बाईला फूस लावल्याची तक्रार असली तर ती नवऱ्यानं स्वतः कोर्टात द्यायची, पोलीस ती आपणहून घेत नाहीत. जबरदस्तीचा पुरावा असला तर आत्ता गुन्हा नोंदवतो. वय सोळाच्या आत असलं तर गोष्ट वेगळी. पण बाई विशीबाविशीची, पुरावा नाही, तेव्हा आज ठाण्याच्या रोजनाम्यात 'बेपत्ता' अशी नोंद होईल आणि शोध सुरू होईल. पुढं काही वाईट दिसलं तर तेव्हा गुन्हा. म्हाताऱ्याला हे पटलं नाही. त्याला आरोपी हवा होता, सून नव्हे, असं मला तेव्हाच वाटलं.

मी वर्णन लिहायला घेतलं. उंची किती? नवऱ्यानं हात दाराच्या कडीपर्यंत नेला, मग जरा खाली आणला. रंग? सावळा. बांधा? मध्यम. अंगावर खूण? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. हातावर गोंदण काय आहे? असंल काहीतरी. कुठलं लुगडं नेसली होती? हिरवं, नाहीतर निळं. चार वर्षं जिच्या हातची भाकरी खाल्ली तिचं वर्णन असं. सावळी, मध्यम, हिरवं नाहीतर निळं. त्या वर्णनावर बेळगाव जिल्ह्यातली निम्मी बायकामंडळी धरून आणता आली असती.

नाव मात्र त्यांनी खणखणीत सांगितलं. मी ते लिहिलं.

फौजदारांनी त्याच दिवशी गावात जाऊन सासरच्या माणसांचे वेगवेगळे जबाब घेतले. घरात नाहीसं झालेल्या सुनेचा शोध घरापासूनच सुरू करायचा असतो. तिला कुणी मारून टाकलेली नाही ना, हे आधी बघायचं. शेजारणी आधी बोलेनात, मग एकदा बोलायला लागल्यावर थांबेनात. मूल होत नव्हतं. सासू उपाशी ठेवायची. नवऱ्याचा हात चालायचा. आम्ही पंच बोलावून घर, गोठा, परसू बघितला. विहिरींत गळ टाकले, दोराला लोखंडी आकडे बांधून तळ ढवळला. एक घागर निघाली, एक मेलेलं कुत्रं निघालं. वेदगंगेचा काठ दोन्ही बाजूंनी तुडवला. चिखल, काटे आणि बघ्यांचे सल्ले. संध्याकाळी ठाण्यात परतलो तेव्हा माझे पाय माझे राहिले नव्हते.

मग पत्रं. आमच्या भागात शोध म्हणजे पत्रंच. तीन कोस चाललं की इंग्रजी हद्द संपून कोल्हापूर संस्थान लागायचं, त्यात पुन्हा एखादं गाव मध्येच आमचं. हरवलेल्या माणसाला हद्द कळत नाही, पण पोलिसाला ती ओलांडायची तर पलीकडच्या फौजदाराला आधी कळवावं लागे. आमचा शिपाई संस्थानात जाऊन कुणाच्या दारात उभा राहिला असता तर त्यालाच धरून बसवला असता. तेव्हा मी वर्णनाच्या नकला काढल्या. चिकोडी, संकेश्वर, बेळगाव, पलीकडे कागल, रेल्वेचे पोलीस. सगळीकडे तेच नाव आणि तीच सावळी, मध्यम. मोटारींच्या अड्ड्यावर ड्रायव्हर-क्लीनरांना विचारलं. धर्मशाळा, दवाखाने त्या त्या गावच्या पोलिसांनी बघायचे. बाजाराच्या दिवशी दवंडी पिटवली. उत्तरं यायला लागली: आढळ नाही, आढळ नाही, आढळ नाही.

तिची आई मला पहिल्यांदा भेटली ती अशाच एका बाजाराच्या दिवशी. काटकुळी बाई, पायात काही नाही, डोक्यावर मिरच्यांची पाटी. पाटी पायरीशी उतरवली आणि मला म्हणाली, "अण्णा, माझ्या लेकीचं काय झालं?"

मी सांगितलं, शोध चालू आहे.

"जित्ती हाय का न्हाय तेवढं सांगा. एकदा डोळ्यानं बघू द्या. मग मी काय बी मागत न्हाय."

मी तिचाही जबाब घेतला. ती काही लपवत नव्हती. लेक तीनदा पळून माहेरी आली होती. तिन्ही वेळा भावानं, म्हणजे हिच्या मुलानं, तिला परत नेऊन घातली. "आनि मी साडीचोळी करून पाठवली," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा ती पदर सोडंना माझा. मी बोटं सोडवली तिची." ती रडली नाही. तिच्याऐवजी मीच दौतीत टाक बुडवत बसलो. असं ऐकलं की मला फार राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. त्या घरात नेऊन घालणारा भाऊ, साडीचोळी करून पाठवणारी आई, मारणारा नवरा, ह्यांतलं कुणीच स्वतःला वाईट समजत नसतं.

त्यानंतर ती दर बाजाराला येऊ लागली. मिरच्या विकायच्या आधी ठाण्यात. मी मान हलवायचो. ती पाटी उचलून जायची.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा कागलच्या बाजूनं कळवलं की नदीत बाईचं प्रेत लागलंय, ओळख पटलेली नाही, तुमच्या बेपत्ता बाईच्या माणसांना पाठवा. आम्ही पोचलो तोवर पंचनामा होऊन प्रेत पुरलं होतं. पाण्यात फार दिवस राहिलेलं, ठेवण्याजोगं नव्हतं. अंगावरचे कपडे आणि काकणं ओळखीसाठी राखून ठेवली होती. एका पत्र्याच्या डब्यातून काढून तिथल्या पोलिसांनी ती सतरंजीवर मांडली. लुगडं हिरवट होतं.

म्हाताऱ्यानं वाकूनही बघितलं नाही. "हीच," म्हणाला.

नवऱ्यानं बापाकडे बघितलं आणि मान डोलावली.

मी नको म्हणत असताना आई आमच्याबरोबर चालत आली होती. ती सतरंजीपाशी बसली. चोळी उचलली, उलटी केली, शिवण बघितली, बाहीत आपला हात घालून बघितला. तिचा तो सुक्या काटकीसारखा हात बाहीत घट्ट बसला.

"ही माझ्या लेकीच्या अंगाला व्हायची न्हाय," ती म्हणाली. "ही कुना लहान पोरीची हाय."

"म्हातारीला काय कळतंय," सासरा म्हणाला. "लिवा हवालदार. मेली म्हणून लिवा. आमाला पुढलं बघायचं हाय." पुढलं म्हणजे मुलाचं दुसरं लग्न. बायको पळून गेली असं सांगितलं की कोण मुलगी देतो? मेली म्हटलं की देतात.

खरं सांगतो, मलाही क्षणभर वाटलं, संपवून टाकावं. संस्थानच्या फौजदाराचं एक प्रेत मिटलं असतं, आमची एक बेपत्ता मिटली असती, दोन्ही ठाणी खूश. पण एक हो म्हणतो आणि एक नाही म्हणते, तेव्हा ओळख पटली असं कुणालाच लिहिता येत नाही. दोघांचेही जबाब तसेच्या तसे घेतले. ती दुसरी पोर, जिची चोळी लहान होती, ती कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्यासाठी कुणी वर्दीच दिलेली नव्हती.

परत येताना निपाणीच्या वेशीवर दवंडी चालली होती. आमचीच. फौजदारांनी दर बाजाराला पिटायला सांगितलं होतं. दवंडीवाल्यानं डफावर थाप मारली आणि नाव पुकारलं. आई माझ्या शेजारून चालत होती. तिनं वळूनही बघितलं नाही.

मी म्हटलं, "आक्का, तुमच्या लेकीचीच दवंडी हाय की."

ती थांबली. "हे कुनाचं नाव?"

"तुमच्या लेकीचं."

"हे तिचं सासरचं," ती म्हणाली. "लग्नात तांदळात लिवलेलं. आमच्यात कोण त्या नावानं हाक मारतंय? तिला बी मारलेली आवडायची न्हाय. ह्या नावानं तुमी जलमभर वरडला तरी ती मागं बघायची न्हाय अण्णा."

आणि तिनं लेकीचं नाव सांगितलं. माहेरचं. दोन अक्षरी, साधं.

मी रस्त्यात उभा राहिलो. आमच्याकडे ही रीतच आहे, माझ्या घरीही आहे. लग्नात मुलीचं नाव बदलतात, सासरची माणसं वर्दी देतात, आम्ही सासरचं नाव लिहितो. चिकोडीपासून रेल्वेपर्यंत प्रत्येकानं हेच केलं असतं आणि केलंही. सगळ्या मुलखात एका बाईचा शोध चालला होता, आणि त्या नावाची बाई सासरच्या उंबऱ्याच्या आत सोडली तर कुठंच नव्हती.

फौजदारांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मग हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा सगळीकडे लिहा." मी पुन्हा सगळीकडे लिहिलं. ह्या वेळी दोन्ही नावं, आणि आईनं सांगितलेलं वर्णन: डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग, उजव्या मनगटावर तुळस गोंदलेली, पुढचा एक दात जरासा तिरका. हे वाचल्यावर कुठल्याही शिपायाला ती दारात उभी दिसली असती.

बेळगावहून उत्तर आलं. सरकारी दवाखान्यात ह्या दुसऱ्या नावाची एक बाई मागे तापानं दाखल होती, पहिल्या चौकशीला ह्याच दवाखान्यानं 'नाही' कळवलं होतं. आता ती तिथल्याच एका सुईणबाईंकडे राहते आणि दवाखान्यात कामाला जाते. खात्री करून जबाब घ्यायला माणूस पाठवा. माझं गाव काकती, वाटेवरचं, म्हणून फौजदारांनी मलाच पाठवलं. सर्व्हिस मोटारीत बसून हाडं खिळखिळी करून घेत मी गेलो. जाताना ओळख पटवायला आईला न्यावं असं मनात होतं. पण बेपत्ता माणूस सज्ञान असलं तर आधी एकट्यानं भेटून त्याचं काय म्हणणं आहे ते ऐकायचं, ही फौजदारांची शिस्त. ती मी मोडली नाही.

सुईणबाईंच्या ओसरीवर ती तांदूळ निवडत होती. मी तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. तिनं लगेच वर बघितलं. दात तिरका होता.

माझा पोशाख बघून ती उभी राहिली आणि भिंतीला टेकली. सुईणबाई दारात आल्या. मी म्हटलं, "भिऊ नको. तुला न्यायला आलेलो न्हाय. तू हायस का, आनि आपल्या मर्जीनं हायस का, एवढंच विचारायचं हाय."

जबाब लिहायला बसलो. पाण्याच्या वाटेनं ती सडकेला आली होती, बेळगावच्या मोटारीत बसली होती, अड्ड्यावर तापानं पडली होती. कुणी फूस लावली नाही, कुणी पळवली नाही. इथं कुणी डांबून ठेवलेलं नाही. नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा ती गप्प. पुन्हा विचारलं. तिनं मान खाली घातली. चार वर्षं मार खाऊन, घर सोडून, मरता मरता वाचून ह्या पोरीनं नवऱ्याचं नाव अजून तोंडानं घेतलं नव्हतं. शेवटी मीच ते वाचलं आणि तिनं मान हलवली. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

"परत जायचं हाय का?"

"न्हाय."

"तुझी आई दर बाजाराला ठाण्यात येती. तिला सांगू कुठं हायस ते?"

इतका वेळ ती सरळ बोलत होती. आता ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "ती चांगली हाय ना?"

"चालती-फिरती हाय."

"नका सांगू," ती म्हणाली. "आई भावाला सांगंल. सांगायचं न्हाय म्हटलं तरी त्यो काढून घेतो. भाऊ आला की पुन्यांदा तेच. जित्ती हाय म्हणून सांगा. ठिकाण सांगू नका."

मी बरं म्हटलं. सुईणबाईंनी मला चहा दिला. चहात आलं फार होतं, पण मी सगळा प्यालो.

परतल्यावर फौजदारांनी जबाब वाचला. बाई सज्ञान, मर्जीनं गेलेली, गुन्हा नाही, शोध बंद. सासऱ्याला बोलावून सांगितलं, तुमची सून जिवंत आहे, आपल्या मर्जीनं राहते आहे, यायला तयार नाही. पोलीस कुणाला ओढून आणत नाहीत. नांदायला पाठवा म्हणायचं असेल तर दिवाणी कोर्ट आहे. ठिकाण विचारलं तेव्हा फौजदार इतके हळू बोलले की मला शेजारी बसून ऐकू आलं नाही. दुसऱ्याच कुणाची चोळी धड न बघता 'हीच' म्हणणाऱ्या माणसाशी त्यांना आणखी बोलायचं नव्हतं. म्हातारा पाय आपटत गेला.

राहिली आई. तिला सांगायचं माझ्यावर होतं.

ती आली, पाटी उतरवली. मी म्हटलं, "आक्का, लेक जित्ती हाय तुमची. मी बघून आलो."

ती पायरीवरच बसली. पदर तोंडावर घेतला तेव्हा खांदे हलताना दिसले. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "आंग भरलंय का?"

"जरासं."

"जेवती नीट?"

"तांदूळ निवडत हुती. पोटभर जेवती."

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढे दिवस हिनं फक्त एकदा डोळ्यानं बघायचं मागितलं होतं. अनवाणी कागलपर्यंत चालत आली होती, पुरलेल्या पोरीच्या चोळीत हात घातला होता. मला राहवेना. दिलेला शब्द, फौजदारांची शिस्त, काय वाटेल ते होवो, असं मनात आलं. मुलाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावू आणि सांगून टाकू. मी पुढं वाकून म्हटलं, "आक्का, कुनाला बोलू नका. ती बेळ—"

तिनं झटकन माझ्या तोंडापुढं हात धरला. मिरच्यांचा वास असलेला हात.

"सांगू नका," ती म्हणाली. "कळलं की मी ऱ्हायची न्हाय, जाईन. मी गेले की माझ्या मागनं पोरगा येईल."

मग ती उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराकडे गेली. त्यानंतरच्या बाजाराला मी उगाच पायरीकडे बघत होतो. ती आली नाही.